उपासाला डोकं का उठतं

मावशीची हरतालिका दरवर्षी एकाच वळणाने जायची. आदल्या रात्री साडेआठला जेवण, सकाळी चहासुद्धा नाही, मग पूजा आणि दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची तयारी. दुपारी तीनच्या सुमारास तिला जांभयांवर जांभया यायला लागायच्या. थोड्या वेळाने दूर्वांच्या जुड्या नीट बांधल्या नाहीत एवढ्यावरून ती कुणावर तरी खेकसायची. एरवी ही बाई आवाज चढवत नाही. पाचला उजवं कानशील ठणकायला लागायचं, आणि संध्याकाळी उदबत्तीचा वास सहन न होऊन ती मोरीकडे धावायची. उलटीत अन्नाचा कण नाही, नुसतं पिवळं, कडूजहर पाणी. घरात सगळ्यांचं निदान ठरलेलं: पित्त खवळलंय. कोकमाचं सरबत, डोक्याला बाम, खोलीत अंधार. रात्रभर झोप झाली की सकाळी ती मोदक वळायला हजर.

ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत घडते हे मी मोजू शकत नाही, पण वर्गात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हे उदाहरण दिलं की निम्मी मुलं "आमची आईपण" म्हणतात. म्हणून त्या पिवळ्या पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोटाळा त्याच्यामुळे होतो.

ते पाणी म्हणजे खरोखरच पित्त, यकृतात तयार होणारं. ते पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडलं जातं. जठरात त्याचं काही काम नसतं. उलटी होण्याआधी लहान आतड्याची हालचाल काही क्षण उलट्या दिशेने होते आणि तिथला ऐवज जठरात ढकलला जातो. जठरात जेवण असतं तर पित्त त्यात मिसळून गेलं असतं. ते रिकामं असल्यामुळे बाहेर पडताना तेच दिसतं. म्हणजे पित्त वर आलं म्हणून मावशीला उलटी झाली नाही. उलटी झाली म्हणून पित्त वर आलं. त्यात भर अशी की छातीत जळजळ करणारं जठरातलं आम्ल, हे यकृतातलं पित्त आणि आयुर्वेदातला पित्तदोष अशा तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. जठरातलं आम्ल घशापर्यंत येऊ शकतं, पण डोक्यापर्यंत जायची वाट त्याला नाही.

मग दुसरं उत्तर हमखास येतं: साखर कमी झाली असेल. हे मलाही अनेक वर्षं पटत होतं. एका वर्षी काकांचं शुगर तपासायचं मशीन हाताशी होतं, म्हणून डोकं ठणकत असतानाच मावशीच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ८४. उपाशीपोटी ७० ते १०० ही निरोगी माणसाची नेहमीचीच पातळी. जेवून जवळजवळ एकवीस तास झाले होते, तरी रक्तातली साखर जागची हलली नव्हती.

ती हलत नाही, कारण शरीर ती हलू देत नाही. सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चार-पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा. मेंदू एकटाच तासाला साधारण तेवढी संपवतो. जेवणातून मिळालेली साखर रात्रीच वापरून होते, आणि मग यकृत आपल्या साठ्यातून तिचा पुरवठा करत राहतं. हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा. सकाळ उलटते तसा तो आटत जातो, आणि यकृत स्नायूंमधून येणाऱ्या अमिनो आम्लांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवी साखर घडवण्यावर अधिकाधिक अवलंबून राहायला लागतं. हे सगळं चालू ठेवण्यासाठी शरीराला इन्सुलिन खाली आणावं लागतं आणि ग्लुकागॉन, कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. यांतलं ॲड्रेनलिन तेच, जे आपण घाबरल्यावर किंवा भांडताना रक्तात उतरतं. उपाशी माणूस चिडका होतो त्यात याचा हात आहे. ८४ हा आकडा शांत दिसतो, पण तो तसा ठेवण्यासाठी आत बरीच ओढाताण चाललेली असते.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपासाच्या डोकेदुखीला स्वतःची जागा आहे. निदान आठ तास पोटात काही नसताना सुरू होणारी आणि खाल्ल्यावर बरीच कमी होणारी, अशी तिची ओळख. ज्यूंच्या योम किप्पुरच्या उपासाला आणि रमजानच्या पहिल्या रोजाला ती इतकी नेहमीची आहे की तिला त्या दिवसांच्या नावानेच ओळखतात. बहुतेकांना ही डोकेदुखी सौम्य, सगळं डोकं जड करणारी अशी असते. पण ज्यांना मुळात अर्धशिशी आहे, म्हणजे मायग्रेन, त्यांच्यात उपास अर्धशिशीचा पूर्ण झटका घडवून आणू शकतो. मावशीचं तेच होत होतं. एका बाजूचं ठणकणं, उजेड नको, वास नको, जिना चढला की दुखणं वाढणं, मळमळ, आणि झोपेने उतार. हे सगळं जठराच्या आम्लात बसत नाही, अर्धशिशीत तंतोतंत बसतं.

आता चिडचिड, डोकेदुखी आणि मळमळ या तीन तक्रारी एकत्र का येतात? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान, ताण यांची नोंद तिथे होते. पोट रिकामं आहे याची खबरही तिथेच जाते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या एका व्यक्तीच्या मेंदूची सलग तीस दिवस, रोज चित्रं काढली. त्या महिन्यात तिला तीन झटके आले, आणि दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. एका व्यक्तीवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही, पण इतर पद्धतींनी केलेली निरीक्षणंही त्याच दिशेने बोट दाखवतात.

म्हणजे दुखणं हा झटक्याचा पहिला अंक नव्हेच. जांभया, चिडचिड, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं ही त्याच्या आधीची लक्षणं. तीन वाजता मावशी दूर्वांवरून खेकसली, तेव्हा ती उपासाला कंटाळली होती असं आम्ही समजत होतो. ॲड्रेनलिनचा भाग त्यात असेलच, पण झटका त्या वेळी सुरू झालेला होता आणि चिडचिड हा त्याचाच एक भाग होता. तिच्यावर तेव्हा रागावलेलं आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

हायपोथॅलॅमसमधून धागे खाली मेंदूच्या देठाकडे जातात. चेहऱ्याची आणि मेंदूवरच्या आवरणांची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची मोठी नस तिथे पोचते. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतात ती त्याची आवरणं आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या. ही नस चाळवली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो, रक्तवाहिन्या फुगतात आणि नस आणखी हुळहुळी होते. मग नाडीचा प्रत्येक ठोका कानशिलात जाणवतो. देठात या नसेच्या केंद्राला लागूनच दुसरं केंद्र आहे, जिथे पोटाकडून येणारे निरोप पोचतात आणि जिथून मळमळीची सूत्रं हलतात. या शेजाऱ्यांचं आपसात दळणवळण आहे. ठणका वाढतो तशी मळमळही वाढत जाते, ती अशी.

इथून एक उलटा निरोप पोटाकडे जातो, आणि व्यवहारात तोच सगळ्यात उपयोगी. अर्धशिशीच्या झटक्यात जठर मंदावतं, त्यातलं काही पुढे सरकत नाही. गोळी मुख्यतः जठरातून नाही, आतड्यातून शोषली जाते. म्हणून ठणका शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी जठरातच पडून राहते, किंवा उलटीतून बाहेर येते. "मला गोळी लागूच पडत नाही" असं सांगणाऱ्या अनेकांचं खरं दुखणं एवढंच असतं की गोळी दोन तास उशिरा घेतली जाते. याच कारणासाठी डॉक्टर कधीकधी वेदनाशामक गोळीबरोबर जठराला चालना देणारं औषधही देतात. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक घ्यावं लागत असेल, तर मात्र तीच गोळी डोकेदुखी टिकवून धरायला लागते, आणि तेव्हा डॉक्टरांना वेगळ्या उपचाराबद्दल विचारायला हवं.

आणि कोकम सरबताने बरं वाटायचं ते? त्यात पाणी असतं, मीठ असतं, साखर असते. दिवसभर घोटभर पाणीही न प्यायलेल्या शरीराला या तिन्हींची गरज असते. शिवाय उलटी होईपर्यंत झटका बऱ्याच जणांत उताराला लागलेला असतो. सकाळचा चहा चुकल्याचाही वाटा असू शकतो. रोज तीन-चार कप पिणाऱ्याला बारा-चोवीस तास चहा मिळाला नाही, तर तेवढ्यानेही डोकं दुखतं.

एक फरक मात्र ओळखायलाच हवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या माणसाचं जेवण लांबलं, तर त्याची साखर खरोखर घसरू शकते. तिथे दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात. मशीनवर ७० पेक्षा कमी आकडा आला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. मशीन नसेल तर वाट न बघता साखर द्यायची. तसंच, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, हातापायातली ताकद जाणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं उपासाच्या खात्यावर टाकायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

छातीत जळजळ, आंबट ढेकर, आणि उजेडाचा काही त्रास नाही, असं असेल तर ते आम्लच, आणि त्याला आम्ल कमी करणारी गोळी लागू पडते. दोन्ही तक्रारी एकाच माणसाला असू शकतात, म्हणून झटक्याच्या दिवशी किती वाजता काय झालं हे वहीत लिहून ठेवलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं.

मावशीने हरतालिका सोडली नाही, सोडावी असं मी म्हटलंही नाही. निर्जळ मात्र बंद केलं. आता सकाळी एक कप दूध, अकराला केळं, दोनला पुन्हा फळं आणि मधूनमधून पाणी, एवढं तिच्या सासूबाईंनाही चाललं. गेल्या वर्षी तीन वाजता जांभया आल्याच. तिने हातातल्या दूर्वा खाली ठेवल्या, सफरचंद कापून खाल्लं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ठणका सुरू होण्याआधीच घेतली. कानशील थोडं जड राहिलं. संध्याकाळी आरतीला ती उदबत्तीपासून दोन हात लांब, दाराशी उभी होती.