आदर्श ऑप-अँप इंटिग्रेटर: चौकोनी तरंग आणि कपॅसिटरवरील सुरुवातीचा विद्युतभार

आदर्श ऑप-अँप इंटिग्रेटरला चौकोनी तरंग दिला की आउटपुटला त्रिकोणी तरंग मिळतो. त्रिकोणाचा उतार आणि उंची इनपुट, रोध `R` आणि कपॅसिटर `C` यांवरून ठरते. तो त्रिकोण शून्याच्या वर, खाली की दोन्हीकडे सारखा बसेल, हे मात्र त्यांवरून कळत नाही. ते कळण्यासाठी इनपुट सुरू झाले त्या क्षणी कपॅसिटरवर किती विद्युतभार होता आणि तरंगाची सुरुवात चक्राच्या कोणत्या बिंदूपासून झाली, या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात.

नेहमीच्या इंटिग्रेटरमध्ये इनपुट रोधातून ऑप-अँपच्या ऋण टोकाला जाते, धन टोक जमिनीला जोडलेले असते आणि कपॅसिटर आउटपुट व ऋण टोक यांच्यामध्ये असतो. आदर्श ऑप-अँपचे ऋण टोक आभासी जमिनीवर, म्हणजे ० व्होल्टवर राहते आणि त्यात प्रवाह शिरत नाही. त्यामुळे रोधातून येणारा `v_i/R` एवढा सगळा प्रवाह कपॅसिटरमध्येच जातो. आउटपुट असे मिळते:

```
v_o(t) = v_o(0) - (1/RC) ∫ v_i dt      (0 ते t)
```

पुष्कळदा `v_o(0)` हे पद नकळत गाळले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. `t = 0` ला ऋण टोकाकडच्या पट्टिकेवर `Q₀` एवढा भार असेल, तर `v_o(0) = -Q₀/C`. आउटपुट धन व्होल्टेजपासून सुरू व्हायला हवे असेल, तर कपॅसिटरची धन बाजू आउटपुटकडे असली पाहिजे. चिन्हाची चूक होण्याची ही ठरलेली जागा आहे.

एक उदाहरण घेऊ. `R` = १० किलोओहम आणि `C` = ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे `RC` = १ मिलिसेकंद. इनपुट ±२ व्होल्टचा, ५०० हर्ट्झचा चौकोनी तरंग आहे आणि त्याचा धन अर्धा भाग आधी येतो. एक चक्र २ मिलिसेकंदांचे, तर प्रत्येक अर्धा भाग १ मिलिसेकंदाचा.

आधी कपॅसिटर पूर्ण रिकामा आहे असे धरू. इनपुट +२ व्होल्ट असताना रोधातून ०.२ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह जातो. १ मिलिसेकंदात तो कपॅसिटरवर ०.२ मायक्रोकुलोंब भार आणतो आणि ०.१ मायक्रोफॅरडवर त्याचे २ व्होल्ट होतात. आउटपुट ० पासून सरळ रेषेत −२ व्होल्टपर्यंत उतरते. पुढच्या अर्ध्या भागात प्रवाह उलटतो, तेवढाच भार परत जातो आणि आउटपुट ० वर येते. पुढे हेच चालू राहते. सगळा त्रिकोण ० आणि −२ व्होल्टच्या दरम्यान असतो. त्याची सरासरी −१ व्होल्ट आहे, शून्य नाही. पुस्तकांतील आकृत्यांमध्ये हा त्रिकोण बहुधा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा काढलेला असतो. पण रिकाम्या कपॅसिटरने आणि पूर्ण धन अर्ध्या भागाने सुरुवात केली, तर तसा त्रिकोण मिळणारच नाही.

तो मिळवायचा असेल तर आउटपुट +१ व्होल्टपासून सुरू व्हावे लागेल. त्यासाठी कपॅसिटरवर आधीच ०.१ मायक्रोकुलोंब भार हवा, तोही आउटपुटकडची बाजू धन ठेवून. मग आउटपुट +१ वरून −१ वर आणि परत +१ वर, असे फिरत राहते. सुरुवात +३ व्होल्टपासून केली तर तोच त्रिकोण +३ आणि +१ यांच्यामध्ये दिसतो. तिन्ही वेळा उतार प्रति मिलिसेकंद २ व्होल्ट आणि शिखरापासून तळापर्यंतची उंची २ व्होल्टच राहते. सर्वसाधारण रूपात, इनपुटची उंची `±V` आणि चक्राचा काळ `T` असेल, तर त्रिकोणाची पूर्ण उंची `VT/2RC` असते. धन अर्ध्या भागाने सुरुवात होत असेल, तर त्रिकोण शून्याभोवती सारखा बसण्यासाठी `v_o(0) = VT/4RC` लागते.

रिकाम्या कपॅसिटरनेही सममित त्रिकोण मिळू शकतो, पण त्यासाठी तरंग धन अर्ध्या भागाच्या मध्यापासून सुरू करावा लागतो. मग पहिल्या अर्ध्या मिलिसेकंदात आउटपुट ० वरून −१ वर जाते आणि पुढे −१ ते +१ असे फिरते. म्हणजे सुरुवातीचा भार आणि सुरुवातीचा क्षण हे दोन्ही आउटपुटमध्ये एकाच जातीचा, स्थिर व्होल्टेजचा फरक पाडतात. नुसते आउटपुट पाहून तो फरक कशामुळे पडला, हे सांगता येत नाही.

साध्या `RC` मंडलात सुरुवातीचा भार काही काळाने ओसरतो. आदर्श इंटिग्रेटरमध्ये तो कधीच ओसरत नाही, कारण त्याला वाहून जायला वाटच नसते. इनपुट काढून जमिनीला जोडले तरी आउटपुट आहे त्या व्होल्टेजवर थांबते. म्हणूनच अ‍ॅनालॉग संगणकांमध्ये प्रत्येक इंटिग्रेटरला सुरुवातीचे मूल्य देण्याची वेगळी सोय असे. गणन सुरू करण्याआधी कपॅसिटर हव्या त्या व्होल्टेजपर्यंत भरून घेतला जाई.

याच गुणामुळे इनपुटमधला बारीकसा असमतोलही साठत जातो. वरच्याच उदाहरणात धन भाग ५० ऐवजी ५१ टक्के वेळ असेल, तर रिकाम्या कपॅसिटरने पहिल्या चक्रात आउटपुट −२.०४ पर्यंत उतरते आणि फक्त −०.०८ पर्यंत परत येते. दर चक्राला ०.०८ व्होल्टची घसरण होते. ऑप-अँपचे आउटपुट −१३ व्होल्टच्या खाली जात नसेल, तर साधारण १३७ चक्रांनंतर, म्हणजे पाव सेकंदाहून थोड्या जास्त वेळात, त्रिकोणाचा तळ कापला जाऊ लागतो. सुरुवातीचा भार धन बाजूने वाढवला तर ही वेळ पुढे ढकलली जाते, टळत नाही.

प्रत्यक्ष मंडलात कपॅसिटरला समांतर एक मोठा रोध जोडतात. तो १ मेगाओहमचा घेतला तर ०.१ मायक्रोफॅरडसाठी कालस्थिरांक १०० मिलिसेकंदांचा होतो आणि सुमारे अर्ध्या सेकंदात सुरुवातीच्या भाराचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. त्यानंतर इनपुटची सरासरी शून्य असेल, तर त्रिकोण शून्याभोवती येऊन बसतो. त्यात ऑप-अँपच्या ऑफसेटमुळे येणारे थोडे स्थिर व्होल्टेज मिसळते, एवढेच. प्रयोगशाळेत दिसणारा सममित त्रिकोण बहुधा या रोधाची करामत असते. कधीकधी मात्र ती ऑसिलोस्कोपची असते. चॅनेल एसी कपलिंगवर असेल तर स्थिर भाग गाळला जातो आणि कोणताही त्रिकोण पडद्याच्या मध्यावर येतो. सुरुवातीच्या भाराचा परिणाम पाहायचा असेल, तर चॅनेल डीसीवर हवे.

सिम्युलेशनमध्ये हेच उदाहरण +१ व्होल्टपासून सुरू करायचे तर स्पाइसमध्ये असे लिहितात:

```
* integrator
V1 in 0 PULSE(2 -2 1m 1n 1n 1m 2m)
R1 in n 10k
C1 n out 0.1u IC=-1
E1 out 0 0 n 1e5
.tran 1u 10m uic
.end
```

`IC=-1` हे `n` आणि `out` यांतील व्होल्टेज आहे, म्हणून आउटपुट +१ पासून सुरू होते. शेवटचे `uic` गाळले तर प्रोग्रॅम आधी डीसी स्थिती काढतो. डीसीला कपॅसिटर उघडा असतो, त्यामुळे इनपुटचे सगळे २ व्होल्ट ऋण टोकावर येतात. १,००,००० च्या गेनमुळे आउटपुट −२,००,००० व्होल्ट निघते आणि ऋण टोक ० ऐवजी २ व्होल्टच्या आसपास राहिल्याने अपेक्षित त्रिकोण मिळतच नाही.