अनुसूचित जाती आणि बौद्ध: जनगणनेत हे दोन आकडे बेरजेचे नाहीत

गावचा आराखडा असो की विद्यार्थ्याचा प्रकल्प, विदर्भात एक चूक हमखास सापडते. तक्त्यातून अनुसूचित जातींची टक्केवारी काढतात, बौद्धांची काढतात, आणि दोन्हींची बेरीज मारतात. योजनांच्या नावातच ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असल्यामुळे तो ‘व’ अधिकचं चिन्ह वाटतो, एवढंच.

अनुसूचित जातींचा वाटा काढणं सोपं आहे. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात `P_SC` हा रकाना `TOT_P` ने भागा आणि शंभराने गुणा. 2011 मध्ये अकोला जिल्ह्यात एकूण लोक सुमारे 18 लाख 14 हजार आणि अनुसूचित जातींचे 3 लाख 64 हजार, म्हणजे 20 टक्के. फक्त ग्रामीण भागाचा वाटा हवा असेल तर ‘Rural’ची ओळ घ्या, ‘Total’ची नको.

खरी अडचण बौद्धांची. जात आणि धर्म हे जनगणनेचे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकच बाई `P_SC` मध्येही मोजली जाते आणि धर्माच्या तक्त्यात, C-01 मध्येही. महाराष्ट्राचे 2011 चे आकडे पाहा: अनुसूचित जाती 1 कोटी 32.76 लाख, बौद्ध 65.31 लाख. अनुसूचित जातींची धर्मवार विभागणी SC-14 मध्ये मिळते, आणि तिच्यात बौद्ध 52.04 लाख आहेत. म्हणजे बेरीज करणारा 52 लाख माणसं दोनदा मोजतो. दुहेरी मोजणी वजा केली की 146.03 लाख उरतात, राज्याच्या सुमारे 13 टक्के. नुसत्या बेरजेने तेच 17.6 टक्के दिसतात.

उरलेले 13 लाख बौद्ध अनुसूचित जातींत का नाहीत? प्रगणक यादीतल्या जातीचं नाव विचारतो. जातीच्या जागी नुसतं ‘बौद्ध’ सांगितलं तर ते नाव यादीत नाही, `P_SC` मध्ये माणूस येत नाही. ‘दलित’चंही तसंच. हे कुणाचं चुकलं असं नाही, पण ‘बौद्ध म्हणजे अनुसूचित जाती’ हे गृहीतही टिकत नाही. उलट मातंग, चर्मकार कुटुंबं बहुतेक हिंदू म्हणून नोंदतात, त्यामुळे बौद्धांच्या आकड्यावरून अनुसूचित जातींचा अंदाज बांधणंही चूक.

याच गोंधळाची दुसरी बाजू जुन्या तक्त्यांत आहे. 1981 मध्ये राज्यात अनुसूचित जाती 7.14 टक्के, 1991 मध्ये 11.09. लोकसंख्या अशी अचानक वाढत नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरलं. 1956 च्या धर्मांतरानंतरचं विदर्भातलं चित्र या दोन वर्षांच्या तुलनेतून कुणी काढलं, तर मी तो कागद पुढे वाचत नाही.

गावपातळीवर मात्र बेरजेचा मोहच टळतो: धर्माचे तक्ते तालुका आणि शहरापाशी थांबतात, `P_SC` तेवढा गावापर्यंत जातो.