समकालिक दुभाष्यांची पाळी व संख्या

समकालिक दुभाष्यांची पाळी व संख्या : परिषदेत वक्ता बोलत असतानाच त्याचे बोलणे दुसऱ्या भाषेत श्रोत्यांच्या कानी पोचवणारे दुभाषी ठरावीक वेळाने माइक एकमेकांकडे सोपवतात. त्या आलटापालटीची पद्धत आणि तिच्यावरून दिवसभरासाठी किती दुभाषी लागतील याचा हिशेब, असे या विषयाचे दोन भाग आहेत. वक्ता थांबल्यावर बोलणाऱ्या अनुक्रमिक दुभाष्याचे गणित वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाही.

दुभाष्यांच्या आवाजबंद खोलीला बूथ म्हणतात. एका बूथमध्ये किमान दोन दुभाषी शेजारी शेजारी बसतात. माइक एकाकडे साधारण वीस ते तीस मिनिटे राहतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. माइक सोडलेल्याला त्या वेळेत पूर्ण विश्रांती मिळते असे मात्र नाही. तो कानाला यंत्र लावून ऐकत असतो, पुढच्या निबंधाची पाने काढून ठेवतो, अडलेली संज्ञा शोधतो आणि मुख्य म्हणजे आकडे व नावे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोबत्यापुढे सरकवतो. मराठी वक्ता ‘साडेसतरा कोटी’ म्हणाला की इंग्रजीत बोलणाऱ्यापुढे ‘१७५ मिलियन’ अशी चिठ्ठी वेळेत यावी लागते. ती आली नाही तर हिशेब करता करता पुढचे वाक्य हातचे जाते. अदलाबदल घड्याळाच्या ठोक्यावर करत नाहीत. वक्ता बदलताना, नाहीतर परिच्छेद संपताना, हाताची खूण करून ती होते. निबंधाला दोनच मिनिटे उरली असतील तर चालू दुभाषीच तो संपवतो. वक्ता लिहून आणलेले भाषण भराभर वाचत असेल तर पाळी पंधरा मिनिटांवरही आणतात, कारण वाचनात बोलण्यातले स्वाभाविक थांबे नसतात.

अर्ध्या तासाच्या पाळीचे मूळ कोणते, याविषयी एकमत नाही. मुळात समकालिक भाषांतराचा आरंभच वादग्रस्त आहे. एडवर्ड फायलीन आणि गॉर्डन फिनले यांनी पुढे आणलेल्या, तारेने जोडलेल्या यंत्रणेचे प्रयोग जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेत १९२७ च्या सुमारास झाले. त्या सुरुवातीच्या प्रयोगांत भाषणाचा मजकूर दुभाष्यांना किती प्रमाणात आधी मिळत असे, यावर त्यांना ‘समकालिक’ म्हणावे की नाही हे ठरते. १९२८ मध्ये मॉस्कोत कॉमिन्टर्न या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहाव्या अधिवेशनात स्वतंत्र यंत्रणा वापरली गेली, म्हणून काही अभ्यासक पहिलेपणाचा मान तिला देतात. या दोन्ही ठिकाणच्या पाळ्यांबद्दलची माहिती त्रोटक आहे.

नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या, न्युरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाच्या (नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६) कामाविषयी मात्र पुष्कळ माहिती उपलब्ध आहे, आणि म्हणूनच पाळीची प्रथा तेथूनच आली असे सरसकट लिहिले जाते. तेथील भाषांतर विभागाचे प्रमुख लेऑन दोस्तेर यांनी बारा-बारा दुभाष्यांच्या तीन तुकड्या उभ्या केल्या. इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशी चार टेबले होती आणि प्रत्येक टेबलावर तिघे बसत. एक तुकडी न्यायालयात काम करी, दुसरी जवळच्या खोलीत कामकाज ऐकत तयार राहत असे, तर तिसरीला त्या दिवशी सुटी असे. बहुतेक वर्णनांनुसार न्यायालयातल्या एका तुकडीची पाळी ८५ मिनिटांची होती. वक्त्याचा वेग वाढला तर दुभाषी पिवळा दिवा लावीत आणि काम थांबवायचे असेल तर लाल.

ही ८५ मिनिटे आजच्या अर्ध्या तासाशी थेट ताडून पाहता येत नाहीत. इंग्रजी टेबलावरच्या तिघांपैकी एक जण जर्मनमधून, एक रशियनमधून आणि एक फ्रेंचमधून इंग्रजीत आणत असे. ज्याची मूळ भाषा दालनात बोलली जात असेल तोच बोले, बाकीचे दोघे गप्प असत. त्यामुळे कागदावरची ८५ मिनिटे सर्वांना सारखी पडत नव्हती. जर्मन आरोपीची उलटतपासणी चालू असताना जर्मनमधून आणणाऱ्यावर ओझे पडे आणि रशियनवाला बराच वेळ मोकळा राही. जर्मनमध्ये क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येते, म्हणून त्याला वाट पाहणेही अधिक करावे लागे. (मराठीतून इंग्रजीत आणणाऱ्याची अडचण हीच असते. ‘नाही’ शेवटी येईपर्यंत वाक्य कोणत्या बाजूला झुकणार हे त्याला कळत नाही.) एकाच भाषाजोडीचे दोघे आलटून पालटून बोलतात ही आजची रीत न्युरेंबर्गमधली नव्हे, एवढे तरी यावरून म्हणता येते. ती संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजात रुळली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे महासभेने नोव्हेंबर १९४७ च्या ठरावाने समकालिक भाषांतर कायम केले. तेथील बैठका सकाळी १० ते १ व दुपारी ३ ते ६ अशा तीन-तीन तासांच्या असतात, आणि तीन तासांचे दोघांत अर्ध्या-अर्ध्या तासाने समान वाटप होते. हा शेवटचा मुद्दा तर्काचा आहे, पुराव्याचा नव्हे.

प्रथा आधी रूढ झाली आणि तिची तपासणी नंतर झाली. जिनिव्हा विद्यापीठातील बार्बारा मोझर-मर्सर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात मोजक्या व्यावसायिक दुभाष्यांना नेहमीपेक्षा लांब पाळ्या करायला लावल्या होत्या. अर्ध्या तासानंतर अर्थाच्या चुका वाढत गेल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपले काम घसरत आहे हे दुभाष्यांच्या स्वतःच्या लक्षात येत नव्हते. नमुना लहान असल्याने तीस या आकड्याला नियम मानता येणार नाही. परंतु ‘मी अजून ताजातवाना आहे’ या दुभाष्याच्या शब्दावर पाळी लांबवू नये, हा त्यातला निष्कर्ष व्यवसायाने स्वीकारलेला दिसतो.

घसरण बाहेरून ओळखता येते, आणि ती ओळखणे शेजारच्या सोबत्याचे काम असते. आधी वक्ता आणि दुभाषी यांच्यातले अंतर वाढते. मग याद्या गळू लागतात, पाच नावांपैकी तीनच येतात. आकडे ‘सुमारे’ होतात. वाक्ये अर्धवट सुटतात, किंवा व्याकरणाने नीट पण वक्त्याने न म्हटलेली होतात. हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण श्रोत्याला काहीच खटकत नाही. आवाज एकसुरी झाला की सोबती सहसा ठरलेल्या वेळेची वाट न पाहता माइक घेतो.

संख्येचा हिशेब श्रोत्यांवर अवलंबून नसतो. दालनात वीस जण असोत की दोन हजार, दुभाषी तेवढेच लागतात. विचारायचे ते असे : कोणत्या भाषा बोलल्या जाणार, कोणत्या ऐकल्या जाणार, एक बूथ एकाच दिशेने काम करणार की दोन्ही, आणि दिवसभरात माइक चालू असणारी मिनिटे किती. आंतरराष्ट्रीय परिषद दुभाषी संघटनेच्या (स्थापना १९५३) व्यावसायिक मानकांत अडीच ते तीन तासांची दोन सत्रे ही दिवसाची मर्यादा धरली आहे. संयुक्त राष्ट्रांत सहा भाषांच्या एका बैठकीला चौदा दुभाषी असतात. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश व रशियन बूथमध्ये दोन-दोन, तर अरबी व चिनी बूथमध्ये तीन-तीन. या शेवटच्या दोन बूथना आपल्या भाषेत आणण्याबरोबर आपल्या भाषेतून इंग्रजी वा फ्रेंचमध्येही न्यावे लागते, म्हणून तिसरा माणूस.

भारतातील परिषदांना हीच अरबी-चिनी बूथची रचना अधिक लागू पडते. समजा, पुण्यात ऊस व साखर या विषयावर एक दिवसाची परिषद आहे आणि मंचावर मराठी, इंग्रजी व पोर्तुगीज (ब्राझीलचे पाहुणे) अशा तीन भाषा आहेत. मराठीतून थेट पोर्तुगीजमध्ये नेणारा माणूस मिळणे दुरापास्त, म्हणून इंग्रजी मधली भाषा होते. मराठी बूथ मराठी-इंग्रजी दोन्ही दिशांनी चालतो आणि पोर्तुगीज बूथ पोर्तुगीज-इंग्रजी. शेतकरी मराठीत बोलला की मराठी बूथ इंग्रजीत आणतो आणि ते इंग्रजी ऐकून पोर्तुगीज बूथ पुढे नेतो. याला रिले म्हणतात. वक्ता कोणत्याही भाषेत बोलो, दोन्ही बूथना काम असतेच.

कार्यक्रम ९.३० ते १ आणि २ ते ५.३० असा असून मध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन चहा आहेत. माइकची मिनिटे ३८० झाली. बूथमध्ये दोघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १९० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या वर बोलणे, आणि उरलेला वेळ कान लावून बसणे. शिवाय प्रत्येक सत्र तीन तासांची मर्यादा ओलांडते. तिसरा घेतला की वाटा १२७ मिनिटांवर येतो आणि प्रत्येक पाळीनंतर एक जण खरोखर बूथबाहेर जाऊ शकतो. म्हणून दोन बूथना मिळून सहा. आयोजकाला सहा परवडत नसतील तर दोघांवर भागवण्याऐवजी कार्यक्रम १० ते १ व २.३० ते ५.३० असा आखडावा. मग ३२० मिनिटे, प्रत्येकी १६०, आणि चार जणांत काम मर्यादेत बसते. रिलेच्या दिवशी मात्र काटकसर जपून करावी, कारण थकलेल्या मराठी बूथची चूक पोर्तुगीज बूथ इमानेइतबारे पुढे पोचवतो.

आयोजकांचा हिशेब बहुधा समांतर सत्रांत चुकतो. वरील मोठ्या वेळापत्रकातच दुपारी दुसऱ्या दालनात फक्त मराठी-इंग्रजी सत्र ठेवले, तर सरासरी काढून उपयोग नाही. सर्वांत गर्दीचा तास धरावा लागतो. दुपारी मराठीचे दोन बूथ एकाच वेळी चालणार, म्हणून तेथे दोन अधिक दोन असे चार जण हवेत. सकाळी हेच चौघे एका दालनात असल्याने प्रत्येकाला साधारण ४८ मिनिटे येतात. दुपारी दोघांत १९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी ९५. एकूण सुमारे १४३. दुपारचे सत्र मर्यादेपेक्षा थोडे लांबत असले तरी सकाळच्या हलक्या कामामुळे ते निभते. पोर्तुगीजचे तीन धरून एकूण सात. सहाच्या हिशेबात दुसऱ्या दालनासाठी आणखी दोघे मिळवले असते तर आठ झाले असते. मात्र या सातांचे वेळापत्रक आदल्या दिवशी नावानिशी लिहून काढावे लागते, आणि एका दालनातले सत्र लांबले तरी दुसऱ्या दालनातून माणूस ओढायचा नाही हे सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवावे लागते.

बूथचे मापही येथे आड येते. भाड्याने मिळणारे हलवते बूथ पुष्कळदा दोघांपुरतेच असतात. तिघांसाठी रुंद बूथ सांगितला नाही तर तिसरा बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि चिठ्ठी पोचवू शकत नाही.

भारतात लोकसभेत हिंदी-इंग्रजी समकालिक भाषांतर १९६४ मध्ये सुरू झाले. पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांत बोलणाऱ्या सदस्यांसाठीही, आगाऊ सूचना दिल्यास, सोय होत गेली. ही सूचना पाळीच्या दृष्टीनेच आवश्यक ठरते, कारण त्या भाषेचा दुभाषी त्या वेळी बूथमध्ये असावा लागतो. खाजगी परिषदांत अजूनही दिवसभरासाठी एकच दुभाषी मागितला जातो, आणि पुष्कळ दुभाषी असे काम नाकारतात. तासाभराच्या छोट्या बैठकीत एक-दोन श्रोत्यांच्या कानात कुजबुजत करायचे भाषांतर मात्र एकटा दुभाषी करतो.