बाल्कनीत ओढलेली सिगारेट आणि बाळाची झोप

"मी घरात ओढतच नाही, बाल्कनीत जातो आणि दारही लावून घेतो" हे बऱ्याच बाबालोकांकडून ऐकलंय, आणि ते खरंच काळजीपोटी बोलत असतात म्हणून मला त्यांच्यासाठीच हे लिहावंसं वाटलं. समजा बाळ अडीच महिन्यांचं आहे. रात्री अकराला बाबा बाल्कनीत सिगारेट ओढतो, आत येतो, बाळ कुरकुरतंय म्हणून त्याला छातीवर घेतो आणि मग तसंच आपल्या शेजारी बेडवर झोपवतो. यात चुकलं कुठे?

पहिलं म्हणजे धूर दाराबाहेर राहत नाही. शेवटचा झुरका मारून झाल्यावरही काही मिनिटं श्वासातून धुराचे घटक बाहेर येत राहतात, आणि निकोटीन टीशर्टला, दाढीला, बोटांना चिकटून आत येतं. बाळ छातीवर असलं की त्याचं नाक नेमकं त्या टीशर्टवरच असतं ना. मोठं माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतं, बाळ ३० ते ६० वेळा घेतं, म्हणजे वजनाच्या मानाने बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतं आणि हवेत जे असेल ते पण.

पण खरी भीती फुफ्फुसाइतकीच झोपेतून जागं न होण्याची आहे. झोपेत बाळाचं तोंड पांघरुणात गेलं किंवा गादीत रुतलं तर ते स्वतःच सोडलेली हवा परत आत घेतं, रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. अशा वेळी मेंदूच्या तळाचा भाग, ज्याला ब्रेनस्टेम म्हणतात, अलार्म वाजवतो, मग बाळ एक मोठा उसासा टाकतं, डोकं हलवतं, जागं होऊन रडतं आणि सुटतं. निकोटीनमुळे हाच अलार्म मंदावतो, सगळ्यात जास्त आई प्रेग्नन्सीत ओढत असेल तर, पण जन्मानंतर घरातल्या धुरानेही धोका वाढतो. १ वर्षाच्या आतलं बाळ झोपेत अचानक गेलं आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडलं नाही तर डॉक्टर त्याला सिड्स म्हणतात, आणि हे सगळ्यात जास्त होतं ते २ ते ४ महिन्यांच्या वयात. आपलं उदाहरणातलं बाळ नेमकं त्याच वयाचं आहे. धूर असलेल्या घरातली बहुतेक बाळं सुखरूप वाढतात हेही खरंच, पण धोका वाढतो यात शंका नाही.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, ती म्हणजे शेजारी झोपवणं. आईबाबांपैकी कोणीही ओढत असेल तर एका बेडवर बाळासोबत झोपण्याचा धोका बराच वाढतो, बेडवर कधीच ओढत नसलात तरी. म्हणून बाळ आपल्याच खोलीत पण वेगळ्या पाळण्यात किंवा क्रिबमध्ये, निदान पहिले ६ महिने. गादी सपाट आणि कडक, बाळ पाठीवर, आणि उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काहीच नको. थकलेल्या माणसाचा सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागतो ते तर सगळ्यात धोकादायक.

मग त्या रात्री बाबाने काय करायचं? बाहेर ओढताना वरून एक वेगळा शर्ट घालायचा आणि तो बाहेरच काढून ठेवायचा, आत आल्यावर हात कोपरापर्यंत आणि चेहरा साबणाने धुवायचा, आतला टीशर्टही बदलायचा, आणि अर्धा तास तरी बाळाला दुसऱ्या कोणाकडे द्यायचं. याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. खिडकी उघडणं, पंखा लावणं, रूम फ्रेशनर मारणं याचा काही उपयोग नाही, वास गेला म्हणजे धूर गेला असं नसतं. एअर प्युरिफायर काही कण पकडतो पण धुरातले वायू बरेचसे तसेच राहतात, आणि पडद्यात, गादीत, कार्पेटमध्ये बसलेलं निकोटीन नंतर हळूहळू हवेत येत राहतं. कारमध्ये तर बाळ नसतानाही ओढू नका, सीटमध्ये ते मुरतं. व्हेपमध्येही निकोटीन असतं त्यामुळे तोही घराबाहेरच.

आई ओढत असेल तर एक महत्त्वाचं, त्यासाठी अंगावरचं दूध बंद करू नका. दुधात निकोटीन उतरतं हे खरं, पण आईच्या दुधाने सिड्सचा धोका कमी होतो. सुटतच नसेल तर पाजायच्या आधी नको, पाजून झाल्यावर ओढा, म्हणजे पुढच्या फीडपर्यंत दुधातलं निकोटीन बरंच कमी होतं. सोडायची इच्छा असेल तर निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅच चालेल का हे बाळाच्या डॉक्टरांनाच विचारा, ते तुम्हाला रागावणार नाहीत, उलट त्यांना आधी कळलं तर झोपेच्या जागेचंही ते नीट बघून सांगतील.