अमेरिकेचा गॅलन, आपला लिटर: ३.७८५ हा आकडा आला कुठून?

१४ जून २०२२ रोजी अमेरिकेतल्या पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला ५.०१६ डॉलर झाला. तिथल्या वाहनचालक संघटनेच्या नोंदीतला तो उच्चांक होता. नागपुरात तेव्हा पेट्रोल १११ रुपयांच्या आसपास होतं. इथल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे नोकरीला असल्यामुळे तुलना लगेच सुरू झाली आणि तिच्यातून दोन वेगवेगळी उत्तरं फिरू लागली. कुणी म्हणे तिकडचा दर लिटरला १०३ रुपये पडतो, कुणी म्हणे ८६. दोघांनीही डॉलर ७८ रुपयांचाच धरला होता आणि भागाकारही बरोबर केला होता. फरक होता तो गॅलनमध्ये. एकाने गॅलन ३.७८५ लिटरचा धरला, दुसऱ्याने ४.५४६ लिटरचा. दोन्ही आकडे खरे आहेत, पण अमेरिकेच्या पंपावरचा त्यातला एकच.

एका मापाला दोन आकडे कसे, हे समजायला ३०० वर्षं मागे जावं लागतं.

इंग्लंडमध्ये पूर्वी गॅलन हे माप मालागणिक बदलायचं. दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा आणखी वेगळा. दारूवर जकात असायची, त्यामुळे तिचा गॅलन नक्की किती मोठा यावरून व्यापारी आणि सरकार यांच्यात वाद होत. राणी ॲनच्या राजवटीत, १७०७ च्या सुमारास झालेल्या कायद्याने तो मिटवला. गॅलन म्हणजे सपाट बुडाचं, ७ इंच व्यासाचं आणि ६ इंच खोल असं गोल भांडं, किंवा २३१ घन इंच, असं त्यात लिहिलं गेलं.

ही व्याख्या कागदावर पडताळून बघण्यासारखी आहे. शाळेत शिकलेलं सूत्र घ्या आणि पायची किंमत २२/७ धरा. त्रिज्या ३.५ इंच, तिचा वर्ग १२.२५. त्याला २२/७ ने गुणलं की ३८.५, आणि ६ इंच खोलीने गुणलं की बरोबर २३१. पायची अधिक अचूक किंमत घेतली तर उत्तर २३०.९ च्या जवळ येतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी २२/७ वरच हिशेब केला असावा, असं मला तरी वाटतं. आज एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे एक घन इंच १६.३८७ मिलिलिटरचा होतो. त्याला २३१ ने गुणा. ३,७८५ मिलिलिटर आणि वर थोडंसं, असं उत्तर येतं. अमेरिकेच्या पेट्रोल पंपावरचा ३.७८५ हा आकडा तो हाच. एका राणीच्या काळातलं दारूचं माप आज ह्यूस्टनमध्ये मोटारीच्या टाकीत पेट्रोल मोजतं आहे.

अमेरिकी वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा हे माप त्यांच्या व्यवहारात मुरलेलं होतं. पण बंदराबंदरांतल्या जकात कचेऱ्यांमधली मापं एकमेकांशी जुळत नव्हती. फर्डिनंड हासलर या स्विस वंशाच्या शास्त्रज्ञाने ती तपासली आणि १८३२ मध्ये तिथल्या अर्थखात्याने २३१ घन इंचांचा गॅलन अधिकृत धरला. तोवर इंग्लंडने मात्र तो सोडून दिला होता. १८२४ च्या कायद्याने ब्रिटिशांनी सगळे जुने गॅलन मोडीत काढले आणि पाण्याच्या वजनावर आधारलेला नवा, ‘इम्पिरियल’ गॅलन आणला. ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचं १० पौंड शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापेल, तेवढा एक गॅलन. तो भरतो ४.५४६ लिटर, म्हणजे अमेरिकी गॅलनच्या जवळजवळ १.२ पट. ढोबळमानाने सहा अमेरिकी गॅलन म्हणजे पाच ब्रिटिश गॅलन.

आपल्याकडे राज्य ब्रिटिशांचं, त्यामुळे गॅलनही त्यांचाच आला. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, तेव्हापासून इथे पेट्रोल आणि रॉकेल याच मोठ्या गॅलनने मोजलं जायचं. त्या मापाची एक खूण अजून घराघरात सापडेल. रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा चार गॅलनचा असे. चार ब्रिटिश गॅलन म्हणजे १८ लिटर आणि वर थोडं. रॉकेल घरातून गेलं, पण हे डबे धान्याला, पाण्याला वापरात राहिले, आणि ‘डबा म्हणजे १८ लिटर’ हे जुन्या माणसांच्या तोंडी पक्कं बसलं आहे.

मोजमापाचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैंची जागा नव्या पैशांनी घेतली, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-लिटर टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले. म्हणजे चार-पाच वर्षांत नागपूरकराच्या हातातलं नाणंही बदललं आणि पंपावरचं मापही. त्या काळातली जुनी बिलं किंवा हिशेबाच्या वह्या कुणाकडे असतील, तर त्यांतले दर आजच्याशी ताडून बघताना दोन्ही बदल लक्षात घ्यावे लागतात. समजा वहीत दर गॅलनला २ रुपये १२ आणे लिहिला आहे. १२ आणे म्हणजे पाऊण रुपया, म्हणून २.७५ रुपये. त्याला ४.५४६ ने भागलं की लिटरला साधारण ६० पैसे येतात. इथे अमेरिकी गॅलन धरला तर उत्तर ७३ पैसे येईल, आणि ते चूक असेल.

घोटाळा नेमका इथून सुरू होतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात ‘साडेचार लिटरचा गॅलन’ पक्का बसलेला, आणि त्यात चूक काहीच नव्हती, कारण त्यांचा गॅलन तेवढाच होता. दुबई-अबुधाबीला गेलेल्यांनीही तोच पाहिला, कारण संयुक्त अरब अमिरातीत २०१० च्या सुमारास लिटर येईपर्यंत पेट्रोल ब्रिटिश गॅलनने विकलं जायचं. कॅनडाचाही गॅलन ब्रिटिशच होता. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंप लिटरवर जाऊ लागले. त्यामुळे ‘परदेशातला गॅलन’ एवढं कळून भागत नाही. देश कोणता आणि साल कोणतं, ते आधी विचारावं लागतं. आज अमेरिका आणि तिच्या व्यापाराच्या प्रभावातले ग्वाटेमाला, कोलंबिया, इक्वेडोरसारखे देश लहान गॅलन वापरतात. ग्रेनाडा, अँटिग्वासारख्या कॅरिबियन बेटांवर मोठा गॅलन टिकून आहे.

अमेरिका लिटरच्या अगदी जवळ येऊन गेली होती, ही गोष्ट मला या इतिहासातली सगळ्यात रंजक वाटते. १९७५ मध्ये तिथे दशमान पद्धतीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. मग १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेल भडकलं आणि गॅलनचा दर एक डॉलर ओलांडू लागला. तेव्हाचे पंप यांत्रिक चाकांचे होते. त्यांतल्या बऱ्याच पंपांवर दर ९९.९ सेंटच्या वर लावताच येत नसे. नवं यंत्र बसवायला खर्च आणि वेळ दोन्ही लागणार. मग अनेक पंपचालकांनी अर्ध्या गॅलनचा दर लावला आणि गिऱ्हाइकाकडून दुप्पट पैसे घेतले. काहींनी सरळ लिटरने विक्री सुरू केली, कारण लिटरचा दर चाकांत आरामात बसत होता. पण लिटरने पेट्रोल स्वस्त दिसतं आणि आपली फसवणूक होते, असं गिऱ्हाइकांना वाटू लागलं. नवे पंप बसले तसा गॅलन परत आला. आकडा दिसायला लहान झाला की तो स्वस्त वाटतो, ही भीती उलट बाजूने आपल्यालाही चकवते: ‘पाच डॉलर’ ऐकून ४०० रुपये आठवतात आणि ते जवळजवळ चार लिटरचे आहेत हे विसरायला होतं.

आता जून २०२२ चा हिशेब पूर्ण करू. ५.०१६ डॉलरला ३.७८५ ने भागलं की लिटरला १.३२५ डॉलर. डॉलरचे ७८ रुपये धरले तर १०३ रुपये ३५ पैसे. मुंबईत तेव्हा दर १११ रुपये ३५ पैसे होता आणि नागपूरचा त्याच्याच जवळपास. म्हणजे फरक फक्त आठ रुपयांचा. मोठ्या गॅलनने भागणाऱ्याला हाच फरक २५ रुपयांचा दिसला आणि त्यावर त्याने पुढचा सगळा निष्कर्ष उभा केला.

खरं तर आठ रुपयांचा हा लहान फरकच विचार करायला लावणारा आहे. अमेरिकी केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलेला आहे. त्याच रीतीने काढला तर तो तेव्हा लिटरला पावणेचार रुपयांच्या आसपास पडत होता. आपलं केंद्रीय उत्पादन शुल्क, मे २०२२ मधल्या कपातीनंतरही, लिटरला १९ रुपये ९० पैसे होतं. दोन्हीकडे राज्यांचा कर वेगळा. करात एवढी तफावत असूनही पंपावरचा दर जवळ आला, कारण आपल्याकडे सरकारी तेल कंपन्यांनी एप्रिल २०२२ नंतर कच्चं तेल महागूनही किरकोळ दर वाढवले नव्हते, तर अमेरिकेत ती वाढ थेट पाटीवर दिसली. १४ जुलैला राज्य सरकारने पेट्रोलवर ५ रुपये कपात जाहीर केली आणि इथला दर आणखी खाली आला. चुकीच्या गॅलनने हिशेब करणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

अमेरिकेतल्या पाटीचा फोटो आला तर आणखी तीन गोष्टी बघाव्यात. दराच्या शेवटी बारीक अक्षरात ९ असतो. ३.१९ च्या पुढे तो असेल तर दर ३.१९९ डॉलर धरायचा. ही पद्धत पेट्रोल काही सेंटला मिळत होतं, तेव्हाच्या सेंटच्या अंशांतल्या दरांपासून चालत आली आहे. पाटीवरच्या दरात कर धरलेला असतो, त्यामुळे तिथल्या दुकानातल्या मालासारखा विक्रीकर वर मिळवायचा नाही. आणि दराशेजारी ८७ लिहिलेलं पाहून ते २०२२ मधल्या आपल्या साध्या ९१ पेक्षा हलकं पेट्रोल आहे असं समजू नये. हा आकडा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल इंजिनात ठोके न देता किती नीट जळतं याचा. ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्या असतात. आपल्याकडे त्यातल्या एकीचा आकडा लिहितात, तर अमेरिकेत दोन्हींची सरासरी. ही सरासरी साधारणपणे चार-पाच अंकांनी कमी भरते, त्यामुळे तिथलं ८७ हे जवळपास आपलं तेव्हाचं साधं ९१ च होय. तुलना त्याच्याशी करायची. शेजारच्या नळीवरच्या ९१ किंवा ९३ शी केली तर आपलं तेव्हाचं साधं पेट्रोल तिथल्या महागड्या प्रीमियमशी ताडलं जाईल.