स्मार्ट स्विचला न्यूट्रल का लागतो, आणि जुन्या बोर्डात तो नसेल तर काय करायचं

स्मार्ट स्विच बसवायला आम्ही एखाद्या जुन्या घरात जातो, बोर्ड उघडतो आणि सांगतो, ‘इथे न्यूट्रल नाही.’ त्यावर घरातले हमखास विचारतात, ‘मग इतकी वर्षं दिवा लागत कसा होता?’ प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल या दोन तारा लागतात, पण त्या दोन्ही दिव्यापाशी पोचल्या की पुरतं. साध्या स्विचचं काम फक्त फेज तोडायचं आणि जोडायचं. म्हणून फेज आधी बोर्डात आणतात, आणि स्विचमधून निघालेली तार (बरेच इलेक्ट्रिशियन तिला ‘हाफ’ म्हणतात) दिव्याकडे नेतात. न्यूट्रल मात्र वरच्या वर, छतातल्या जंक्शन बॉक्समधून, थेट होल्डरला जातो. तो बोर्डापर्यंत खाली उतरवायचं काही कारणच नव्हतं. तार वाचत होती आणि काम चोख होत होतं. त्यामुळे न्यूट्रल नसणं म्हणजे तुमच्या घराचं वायरिंग चुकलेलं आहे, असं नाही.

स्मार्ट स्विचची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आत रेडिओ आणि छोटा प्रोसेसर असतो. दिवा बंद असतानाही त्याला जागं राहावं लागतं, नाहीतर मोबाइलवरून दिलेला ‘दिवा लाव’ हा निरोप ऐकणार कोण? जागं राहायला वीज लागते, आणि वीज वाहायला पूर्ण फेरा लागतो: फेजमधून आत, न्यूट्रलमधून बाहेर. बोर्डात न्यूट्रल असेल तर स्विच दिव्याला हात न लावता स्वतःपुरती वीज घेतो. नसेल तर त्याला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे दिवा. ही अडचण इतकी सर्रास आहे की अमेरिकेच्या विद्युत संहितेने २०११ च्या आवृत्तीपासून दिव्यांच्या बहुतेक स्विचच्या जागी न्यूट्रल पोचवायची अट घातली.

‘बिन-न्यूट्रल’ स्विच काय करतो

बाजारात न्यूट्रल न लागणारे स्मार्ट स्विच मिळतात, आणि आम्हीही ते बसवतो. न्यूट्रलची गरज त्यांनाही असतेच. ते तो दिव्यामार्फत गाठतात. दिवा बंद असताना अगदी बारीक करंट हाफमधून दिव्यात जातो, तिथून न्यूट्रलला मिळतो आणि स्विच जागा राहतो.

दिवे तारेच्या बल्बचे असते तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. २३० व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. त्यातून २ मिलिअँपिअर गेले तर तार कोमटही होत नाही. एलईडी दिव्यात मात्र तारेऐवजी ड्रायव्हर असतो, आणि त्याच्या तोंडाशी वीज साठवणारा कपॅसिटर. स्विचचा बारीक करंट त्या कपॅसिटरमध्ये थेंबाथेंबाने साठतो. पुरेसा साठला की ड्रायव्हर जागा होतो, दिवा क्षणभर चमकतो, साठा संपतो आणि भरणं पुन्हा सुरू होतं. बंद केलेला दिवा दर दोन-तीन सेकंदांनी लुकलुकतो तो यामुळे. काही दिवे लुकलुकत नाहीत, पण रात्रभर मंद उजळलेले राहतात. कारण तेच, फक्त ड्रायव्हरची रचना वेगळी.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. बिन-न्यूट्रल स्विचच्या दिव्याचा बल्ब काढला किंवा उडाला, की स्विचही मोबाइलवर ‘ऑफलाइन’ दिसतो. स्विच बिघडलेला नसतो, त्याची परतीची वाट तुटलेली असते. नवा बल्ब लावला की तो परत येतो. अशी तक्रार आली की आम्ही आधी बल्बच बघायला सांगतो.

एका खोलीचं उदाहरण

आमच्या एका ग्राहकांच्या जुन्या घरातली झोपायची खोली. बोर्डात दोन स्विच, एक दिव्याचा आणि एक पंख्याचा, शेजारी पंख्याचा रेग्युलेटर. सॉकेट नाही. त्यांनी दुसरीकडून बिन-न्यूट्रल स्विच बसवून घेतला होता आणि ९ वॅटचा एलईडी दिवा रात्री लुकलुकत होता. त्यांनी दोनदा दिवा बदलला. दुसरा दिवा लुकलुकायचा थांबला, पण मंद जळत राहिला.

आम्ही आधी बोर्डाच्या पाठीमागे न्यूट्रल दडलाय का ते पाहिलं. कधीकधी तो तिथे असतो, टोकाला टेप गुंडाळून मागे सारलेला. इथे तीनच तारा होत्या: एक फेज आणि दोन हाफ. दोन्ही हाफ काळ्या रंगाच्या. रंगावर गेलो असतो तर त्यांनाच न्यूट्रल समजून बसलो असतो. जुन्या घरात रंगावर विसंबू नये, हे आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

मग छतातल्या जंक्शन बॉक्समधून, हाफ ज्या पाइपातून उतरते त्याच पाइपातून, न्यूट्रल खाली आणायचा प्रयत्न केला. हाच सर्वांत चांगला उपाय आहे. जागा असेल तर सर्किटच्या इतर तारांइतक्याच जाडीची एक तार ओढायची, आणि कोणताही न्यूट्रलवाला स्विच बसवायचा. पण इथे वळणावर पाइप दबलेला होता. तार ओढायची स्प्रिंग अर्ध्यावर अडली ती अडलीच. भिंत फोडायची घरच्यांची तयारी नव्हती.

तेव्हा बायपास बसवला. बायपास म्हणजे कपॅसिटर असलेली लहानशी डबी. ती दिव्याच्या होल्डरपाशी, हाफ आणि न्यूट्रलच्या मध्ये, दिव्याला समांतर जोडतात. बोर्डात जोडून उपयोग नाही, कारण तिथे न्यूट्रलच नाही. ढोबळ हिशेब असा: ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्‌झच्या विजेला सुमारे ६,८०० ओहम अडथळा करतो. स्विचचे २ मिलिअँपिअर त्यातून गेले की त्याच्या, आणि म्हणून दिव्याच्याही, दोन टोकांत जेमतेम १४ व्होल्ट उरतात. एवढ्यावर एलईडीचा ड्रायव्हर जागा होत नाही. त्या रात्रीपासून दिवा पूर्ण बंद राहू लागला.

बायपास स्विचच्या कंपनीने सांगितलेलाच घ्यावा. सुटा कपॅसिटर आणून जोडू नका. दिवा चालू असेपर्यंत त्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतात, आणि त्यासाठी बनवलेला नसलेला कपॅसिटर तापतो, फुटतो.

पंख्याला मात्र आम्ही बिन-न्यूट्रल स्विच लावला नाही. हे स्विच बहुधा दिव्यांसाठीच बनवलेले असतात, आणि मोटरवर ते पंख्यात गुणगुण आणतात किंवा स्वतःच बंद-चालू होत राहतात. त्यांचा रेग्युलेटर होता तसाच ठेवला.

न्यूट्रलच्या जागी काय जोडू नये

हा भाग कृपया घाईत ओलांडू नका.

बोर्डात न्यूट्रल नाही पण अर्थिंगची तार आहे, तेव्हा ‘तीच जोडा, चालतं’ असं सांगणारे भेटतात. स्विच चालू होतो, हे खरं. मल्टिमीटरवरही फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास २३० व्होल्टच दिसतात, म्हणून ते बरोबर वाटतं. पण अर्थिंगची तार रोजचा करंट वाहायला नसते. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर अशा गळतीची भर पडून तो वारंवार पडतो. त्याहून वाईट म्हणजे पुढे कुठे अर्थिंगची तार तुटली, तर स्विचमधून आलेली वीज त्याच तारेला जोडलेल्या फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यावर येऊ शकते. कुणीही आग्रह केला तरी आम्ही हे करत नाही.

शेजारच्या बोर्डातून उसना न्यूट्रल आणणंही तितकंच चुकीचं, जर तो दुसऱ्या सर्किटचा असेल. आरसीसीबी वेगवेगळे असतील तर ते पडतील. नसतील तर एक दिवस कुणीतरी दिव्यांचा एमसीबी पाडून, सगळं बंद आहे असं समजून, दुसऱ्या सर्किटचा करंट वाहत असलेली तार उघडेल. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. ज्या बोर्डात दिव्याच्या स्विचशेजारी सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. पण सॉकेट आणि दिवा एकाच एमसीबीवर आहेत ना, हे आधी तपासावं लागतं.

काही जुन्या घरांत आम्हाला उलटंही सापडलं आहे. बोर्डात न्यूट्रल आहे, पण फेज नाही! तिथे कुणीतरी स्विच न्यूट्रलच्या तारेत बसवलेला असतो. अशा घरात स्विच बंद करूनही होल्डर जिवंत राहतो. स्मार्ट स्विचचा विचार नंतर, आधी ते दुरुस्त करून घ्या.

भिंत फोडायची नाही, बिन-न्यूट्रलही नको

न्यूट्रल खाली येत नसेल तर स्विचच वर नेता येतो. छतातल्या जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रल आहेच. तिथे लहान रिले मॉड्यूल बसवायचं. मॉड्यूलला कायमचा फेज हवा, म्हणून खाली बोर्डात फेज आणि हाफ थेट जोडून टाकायचे. आता जुन्या स्विचकडे तारच उरत नाही, तेव्हा त्याच जागी सेलवर चालणारं बिनतारी बटण लावायचं. घरातल्या ज्येष्ठांना आणि पाहुण्यांना मोबाइल न शोधता भिंतीवरच दिवा लावता येतो. मॉड्यूल धातूच्या बंद डब्यात मात्र ठेवू नका, रेंज जाते. दिव्याच्या बंद काचेतही नको, उष्णतेने आयुष्य घटतं.

स्मार्ट बल्ब हाही याच जातीचा, त्याहून सोपा उपाय आहे. भिंतीवरचा स्विच कुणी बंद केला की तो मुका होतो, म्हणून त्यालाही बिनतारी बटणाची जोड द्यावी. या दोन्ही पद्धतींत हाफ कायम जिवंत असते, तेव्हा बल्ब बदलताना एमसीबी पाडा. स्मार्ट बल्बच्या होल्डरवर तर दिवा विझलेला दिसला तरी वीज असते.

मागणी देण्याआधी

आम्हाला तीन गोष्टी कळवा: बोर्डात सॉकेट आहे का, प्रत्येक स्विचवर काय आहे आणि किती वॅटचं, आणि घरात आरसीसीबी आहे का. वॅट यासाठी, की बिन-न्यूट्रल स्विचला किमान भार लागतो. तो मॉडेलगणिक वेगळा असतो, आणि ३ वॅटच्या एकट्या रात्रीच्या दिव्यावर बरेच स्विच नीट चालत नाहीत. बोर्ड उघडून फोटो काढायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन स्विच बंद करून काढून घ्या. तुम्ही स्वतः उघडू नका. तारा मोजायला आम्ही येऊ, तोपर्यंत बोर्ड बंदच असू द्या.