वरचं वाढतं, खालचं उतरतं : म्हातारपणी धमन्यांचं काय होतं?

रविवारी सकाळी घरातलं बीपीचं मशीन निघतं. आधी आजीचं बघतात, मग मशीन हाताशी आहेच म्हणून मुलगाही आपलं बघून घेतो. समजा, ७६ वर्षांच्या आजीचं आलं १६४/६८ आणि ४६ वर्षांच्या मुलाचं १३२/८४. मग ठरलेलं बोलणं होतं. "वरचं जरा जास्त आहे, पण खालचं किती छान आहे! आणि या वयात एवढं असायचंच. शंभर अधिक वय!"

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे, की त्यातली चूक नीट उलगडून सांगावी असं फार दिवस मनात होतं. आजीचं खालचं ६८ ही दिलाशाची बाब नाही. वरचं १६४ ज्या कारणामुळे झालं, त्याच कारणामुळे खालचं ६८ वर आलं आहे.

आधी एक छोटा हिशेब करू. हृदयाच्या एका ठोक्याच्या काळात धमन्यांतला दाब सतत बदलत असतो. त्याची सरासरी ढोबळपणे काढायची, तर खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. मुलाच्या बाबतीत फरक ४८, त्याचा तिसरा हिस्सा १६, आणि ८४ अधिक १६ म्हणजे १००. आजीच्या बाबतीत फरक ९६, तिसरा हिस्सा ३२, आणि ६८ अधिक ३२ म्हणजे पुन्हा १००. दोघांचा सरासरी दाब अगदी सारखा आहे. दुप्पट झाला आहे तो फक्त वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक. या फरकाला नाडीदाब म्हणतात, पल्स प्रेशर.

सरासरी दाब मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, आणि शरीरभर पसरलेल्या बारीक धमन्या त्या रक्ताला किती अडवतात. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या आजीचं हृदय आणि तिच्या बारीक धमन्या मुलासारखंच काम करत आहेत. वेगळं काही असेल, तर ते या दोघांच्या मधल्या टप्प्यावर, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत, महाधमनीत.

महाधमनी म्हणजे नुसता नळ नव्हे. तिचं खरं काम बाजाच्या पेटीतून समजतं. पेटी वाजवताना डावा हात बाहेरचा भाता मागे-पुढे करतो, म्हणजे हवा हप्त्याहप्त्याने आत जाते. तरी सूर मात्र अखंड येतो, कारण आत आणखी एक भाता असतो, स्प्रिंगच्या दाबाखालचा. बाहेरून हवा आली की तो फुगतो आणि हात मागे जात असताना साठलेली हवा स्वरांकडे सोडत राहतो. हा आतला भाता कडक झाला, तर सूर प्रत्येक हाताबरोबर जोरात उसळेल आणि मध्ये मध्ये बसेल. निरोगी महाधमनी हा आपल्या शरीरातला आतला भाता आहे. घोडीच्या धमनीतला दाब मोजून १७३३ साली ते प्रयोग प्रसिद्ध करणाऱ्या स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाला यासाठी त्या काळच्या आगीच्या बंबातली हवेची टाकी आठवली होती. १८९९ साली ऑटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने हीच कल्पना गणितात मांडली.

आता आपलाही हिशेब आकड्यांत मांडू. दोघांचंही हृदय मिनिटाला ७० ठोके देतं आणि दर ठोक्याला ७२ मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं असं धरू. मिनिटाला साधारण पाच लिटर झालं. ठोक्याच्या एकूण वेळातला साधारण एक तृतीयांश वेळच हृदय रक्त बाहेर टाकत असतं, उरलेला वेळ ते भरून घेतं. बारीक धमन्यांतून रक्त मात्र सगळा वेळ पुढे जात असतं. म्हणून ७२ मिलिलिटर येत असतानाच त्यातलं तिसरा हिस्सा, २४ मिलिलिटर, पुढे निघून जातं. राहिलेल्या ४८ मिलिलिटरला महाधमनीने आणि तिच्या मोठ्या फांद्यांनी फुगून जागा करून द्यायची असते.

मुलाच्या धमन्यांमध्ये ४८ मिलिलिटर जास्तीचं आलं तेव्हा दाब ४८ ने वाढला, म्हणजे एका मिलिलिटरला पाऱ्याचा एक मिलिमीटर. आजीच्या धमन्यांमध्ये तेवढ्याच रक्ताने दाब ९६ ने वाढला, एका मिलिलिटरला दोन मिलिमीटर. तिच्या धमन्यांची सामावून घेण्याची क्षमता, ज्याला डॉक्टर कम्प्लायन्स म्हणतात, निम्मी झाली आहे. हा हिशेब ढोबळ आहे. खऱ्या शरीरात दाब वाढलेला असताना रक्त पुढेही थोडं जास्त वेगाने जातं, आणि धमनी जितकी ताणली जाईल तितकी ती आणखी ताठर वागते. पण मूळ गोष्ट एवढीच आहे.

खालचा आकडाही यातूनच सुटतो. हृदयाची झडप बंद झाली की साठवलेलं तेच ४८ मिलिलिटर रक्त हळूहळू पुढे जातं. मुलाच्या लवचिक धमन्या हलके हलके आक्रसतात आणि दाब ८४ पर्यंतच उतरतो. आजीच्या धमन्यांतून प्रत्येक मिलिलिटर बाहेर पडताना दाब दोन-दोनने घसरतो आणि ६८ वर येतो. भरताना उसळी मोठी, म्हणून रिकामं होताना घसरणही मोठी.

महाधमनी कडक का होते? तिच्या भिंतीच्या मधल्या थरात इलॅस्टिनचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये कोलॅजनचे तंतू असतात. इलॅस्टिन रबरासारखं ताणतं आणि परत येतं. कोलॅजन त्याच्या कित्येक पट ताठर असतं. इलॅस्टिन जवळपास सगळं गर्भात आणि बालपणात तयार होतं, नंतर शरीर ते फारसं बनवत नाही. मिनिटाला ७० ठोके म्हणजे दिवसाला एक लाखाच्या वर आणि सत्तर वर्षांत अडीचशे कोटी. एवढ्या ताणांनी ते पापुद्रे विरतात आणि तुटतात. मग महाधमनी थोडी रुंदावते आणि भार कोलॅजनवर येतो. भिंतीत कॅल्शियम बसतं, रक्तातली साखर कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांत चिकटवते. मधुमेह्यांच्या धमन्या वयाच्या आधी ताठरतात, त्यामागे हे एक कारण आहे. धमनीत चरबीचे थर बसून ती अरुंद होणं हा वेगळा आजार आहे. दोन्ही बरेचदा एकत्र आढळतात, पण आजीची अँजिओग्राफी स्वच्छ असूनही तिची महाधमनी कडक असू शकते.

कडकपणाचा आणखी एक परिणाम होतो. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट धमन्यांच्या भिंतीतून धावते. नाडी बघताना बोटाला लागते ती ही लाट, रक्त स्वतः त्याहून खूप हळू जातं. तरुणाच्या महाधमनीत लाटेचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर असतो, म्हातारपणी तो दहाच्या वर जाऊ शकतो. धमन्यांना जिथे फांद्या फुटतात आणि त्या बारीक होतात तिथून लाटेचा काही भाग उलटा फिरतो. तरुणाच्या शरीरात ही परतलेली लाट उशिरा पोहोचते आणि हृदय विश्रांती घेत असताना खालच्या दाबाला थोडा आधार देते. कडक धमनीत ती हृदय रक्त ढकलत असतानाच परत येते आणि वरच्या आकड्यावर चढते. वरच्या वाढीत या लाटेचा वाटा किती आणि महाधमनीच्या स्वतःच्या ताठरपणाचा किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. लाटेचा वेग मात्र मोजता येतो. मानेतली आणि जांघेतली नाडी एकाच वेळी टिपायची आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागायचं. सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त वेग कडकपणाची खूण मानला जातो.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या अनेक दशकांच्या नोंदींत हा सगळा प्रवास दिसतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात पन्नाशीपर्यंत दोन्ही आकडे बरोबरीने वाढताना दिसले. ही बारीक धमन्यांच्या वाढत्या अडथळ्याची खूण, कारण अडथळा वाढला की दोन्ही आकडे वर जातात. पन्नास ते साठच्या दरम्यान वाटा फुटतात : वरचा वाढतच राहतो आणि खालचा उतरू लागतो. अडथळा वाढून हे होऊच शकत नाही. इथून पुढे मोठ्या धमन्यांचा कडकपणा वरचढ ठरतो.

"खालचं चांगलं आहे" हे म्हणणं मला खटकतं ते इथे. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू स्वतःचं रक्त मुख्यतः विश्रांतीच्या वेळात घेतो, कारण आकुंचन पावताना तो आपल्याच आतल्या वाहिन्या दाबून धरतो. म्हणजे आजीच्या हृदयाला काम १६४ विरुद्ध करायचं आहे आणि स्वतःचं पोषण ६८ कडे उतरणाऱ्या दाबावर करायचं आहे. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या वाहिन्या कमी अडथळ्याच्या असतात, म्हणून मोठ्या धमन्यांनी न पचवलेले धक्के तिथे खोलवर पोहोचतात.

फक्त वरचं वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांना औषध द्यावं का, हा प्रश्न १९९१ साली बराचसा सुटला. 'शेप' नावाच्या अमेरिकी चाचणीत साठीच्या पुढच्या ४,७३६ जणांना घेतलं होतं. सगळ्यांचं वरचं १६० किंवा जास्त आणि खालचं ९० च्या आत. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं स्वस्त औषध दिलं, लागलं तर पुढचं औषध जोडलं, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण शंभरात सुमारे ८ वरून ५ वर आलं. 'शंभर अधिक वय' या हिशेबात ७६ वर्षांच्या माणसाला १७६ चालून गेलं असतं.

औषधाने इलॅस्टिन परत येत नाही. बारीक धमन्यांचा अडथळा आणि रक्तातलं पाणी कमी करून सरासरी दाब उतरवला जातो, आणि त्याबरोबर खालचा आकडाही आणखी उतरतो. म्हणून आजीसारख्यांची मात्रा डॉक्टर हळूहळू वाढवतात आणि उभं राहिल्यावरचा दाबही बघतात. बसून १४० आणि उभं राहिल्यावर मिनिट-दोन मिनिटांत ११० असेल, तर रात्री बाथरूमला उठताना ती पडू शकते. घरी मोजतानाही हे करता येतं : पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या पातळीला टेकवून दोनदा मोजायचं, मग उभं राहून एकदा, आणि दोन्ही आकडे आपापल्या वेळेसह वहीत लिहायचे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. दोन आकड्यांमधलं मोठं अंतर तिशीतल्या माणसात दिसलं, तर त्याला धमन्यांचं वय जबाबदार धरू नये. महाधमनीच्या तोंडची झडप गळत असेल, थायरॉईड वाढला असेल किंवा रक्त फार कमी असेल, तरीही असंच अंतर पडतं. त्याची तपासणी वेगळी असते.